तोंडी तक्रार आणि लेखी नोंद



वाचताना अडखळणाऱ्या मुलाची वर्गात जी टवाळी होते, तिच्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे. आणि विशेषतः एका वहीविषयी.

आमच्या परिचयातील इंदूरच्या एका घरचा हा सहावीतला मुलगा. तोंडी विचारावे तर उत्तर बिनचूक. पुस्तक हाती दिले की 'सरल'चे 'सलर' होई. मुले त्याला 'सलर' म्हणूनच हाका मारू लागली, डबा लपवू लागली. आई तीनदा वर्गशिक्षिकेला भेटली. "मुलंच ती, चालायचंच," हे उत्तर तीनदा मिळाले. चौथ्या वेळी मात्र, "याआधी तुम्ही कधी काही बोलला नाहीत," असे ऐकावे लागले!

तेव्हा तिने वही घातली. तारीख, तास, जागा, कोण काय म्हणाले ते मुलाच्याच शब्दांत, कोणी पाहिले, शाळेत कोणास सांगितले आणि उत्तर काय मिळाले. 'फार छळतात' असे मोघम वाक्य तिने एकदाही लिहिले नाही. मुलाची रोज उलटतपासणीही घेतली नाही. तो आपण होऊन बोलला की लिहून ठेवी. सहा आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या आणि त्यांतील नऊ मंगळवार-गुरुवारच्या निघाल्या. त्या दोन दिवशी हिंदीच्या तासाला एकेकाला उठून मोठ्याने वाचावे लागे, आणि लगेच मधली सुट्टी होई. दुखण्याचे मूळ तेथे होते.

मग तिने मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज दिला. सोबत नोंदींची प्रत व मानसशास्त्रज्ञाचा अहवाल. मागण्या तीनच: वाचनाची सक्ती नको, वाचावयाचेच तर उतारा आदल्या दिवशी कळवावा, त्या दोन सुट्ट्यांत व्हरांड्यात शिक्षक असावेत, परीक्षेत जादा वेळ मिळावा. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घेतली. भेट झाली की त्याच संध्याकाळी 'आज असे ठरले' असे पत्र ती धाडी.

जादा वेळ ही शाळेची मेहेरबानी नव्हे. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात अध्ययन-अक्षमता समाविष्ट आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद कलम 17 मध्ये आहे. केंद्रीय मंडळ तासाला 20 मिनिटे जादा देते. मात्र मंडळास मान्य असे प्रमाणपत्र लागते. ते नववीच्या नोंदणीआधीच हाती असावे, दहावीत धावपळ नको.

उतारा आदल्या दिवशी मिळू लागला आणि मंगळवार शांत झाला. पण चाचणीत हा एकटाच मागे बसे, म्हणून मुले त्याला 'एक्स्ट्रा' म्हणू लागली. ही बारावी नोंद. आईने पुन्हा पत्र दिले. आता असा वेळ मिळणारी तिन्ही मुले सुरुवातीपासूनच वेगळ्या खोलीत पेपर लिहितात. वही अजून चालू आहे.