पोटातल्या रहिवाशांचं जेवण

(सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा संक्षेप)



आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षं आपण एकत्र राहतो आहोत. आज मी दुसऱ्याच एका वसाहतीबद्दल बोलणार आहे. ती आहे प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात, आणि तिथले रहिवासी म्हणजे जिवाणू. त्यांचं जेवण आपल्याच ताटातून जातं, पण आपण जे पचवतो ते त्यांना मिळत नाही. आपल्याला जे पचत नाही, त्यावर ते जगतात.

कांद्यात आणि लसणात 'इन्युलिन' नावाचा तंतुमय पदार्थ असतो. फ्रुक्टोज ही फळांतली साखर. तिचे कण एकापुढे एक गुंफले की जी माळ होते, ते इन्युलिन. ही माळ तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या शरीरात नाही. त्यामुळे ती जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी पुढे सरकते आणि मोठ्या आतड्यात पोचते. तिथे बिफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू ती तोडून आंबवतात. आंबवताना काही सौम्य आम्लं तयार होतात. त्यांतलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. बिफिडो स्वतः ते बनवत नाहीत. त्यांनी बनवलेली आम्लं शेजारचे दुसरे जिवाणू घेतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार करतात. म्हणजे तिथेही शेजारधर्म आहेच!

आता हिशेब करू. जिवाणूंमध्ये फरक दिसायला रोज साधारण 5 ग्रॅम इन्युलिन लागतं. अर्धा मध्यम कांदा म्हणजे सुमारे 2 ग्रॅम, लसणाच्या दोन पाकळ्या पाऊण ग्रॅमच्या आत, आणि एक पिकलं केळं जेमतेम अर्धा ग्रॅम. केळ्याचं नाव फार घेतलं जातं, पण इन्युलिनच्या बाबतीत ते मागेच आहे. उरलेलं कुठून येतं? आपल्या पोळीतून! 100 ग्रॅम कणकेच्या तीन-चार पोळ्यांतून आणखी 2 ग्रॅम मिळतात. झाले की 5 ग्रॅम. हे आकडे अंदाजाचे आहेत, कारण कांद्याची जात आणि साठवण यांप्रमाणे ते बरेच बदलतात. पण महागड्या डब्याची गरज बहुतेकांना नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आता गॅसबद्दल. आपल्याच एका काकांनी बद्धकोष्ठासाठी इन्युलिनची पावडर आणली आणि पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे, म्हणजे जवळपास 15 ग्रॅम घेतली. संध्याकाळी पोट ढोलासारखं फुगलं. मग त्यांनी पावडर तर सोडलीच, कांदा-लसूणही बंद केला. पण आंबवण्याच्या क्रियेत वायू तयार होणारच. एकदम तिप्पट खाणं पोचलं की वायूही तेवढाच वाढतो. मी त्यांना सांगितलं, "काका, पहिला आठवडा रोज भाजीत पाव कांदा घ्या. पोटाने कुरकूर केली नाही तर दुसऱ्या आठवड्यात अर्धा करा. पाणी मात्र पुरेसं प्या." तीन आठवड्यांत ते कोशिंबिरीतल्या कच्च्या कांद्यापर्यंत आले. चातुर्मास पाळणाऱ्यांनीही चार महिन्यांनंतर पहिल्याच दिवशी कांदाभज्यांवर ताव मारण्याऐवजी असंच हळूहळू सुरू करावं.

कच्चा कांदा खाल्ल्यावर लगेच छातीत जळजळ झाली, तर तो इन्युलिनचा दोष नाही. इन्युलिनचा वायू काही तासांनी आणि पोटाच्या खालच्या भागात जाणवतो. हा फरक लक्षात ठेवा.

काहींचं आतडं मुळातच हळवं असतं. डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात. अशांना थोड्या कांद्यानेही कळा येतात, त्यांनी हट्ट करू नये. त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. इन्युलिन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून अख्ख्या लसूण पाकळ्या तेलात परतून बाहेर काढल्या आणि तेवढ्या तेलाची फोडणी दिली, तर स्वाद येतो आणि त्रास टळतो. मात्र पाकळ्या आमटीत राहिल्या, तर इन्युलिन रसात उतरतं.

आपल्यापैकी जे कांदा-लसूण खातच नाहीत, त्यांच्या घरचे जिवाणू उपाशी राहत नाहीत. गव्हात इन्युलिन आहेच. हरभरा, राजमा, तूर यांतही माणसाला न पचणाऱ्या वेगळ्या शर्करा असतात आणि त्या बिफिडोंना आवडतात. कडधान्यांनी गॅस होतो तो त्यामुळेच.

शेवटी एक सूचना. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन घटणं, पोटदुखीने रात्री झोपमोड होणं, यांपैकी काहीही असेल तर कांदा कमी-जास्त करत बसू नका. सरळ डॉक्टरांकडे जा.