टायरमध्ये नायट्रोजन भरताना आपण नक्की कशाचे पैसे देतो?

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय. "समृद्धीवर जायचंय, नायट्रोजन भरू का?", "नायट्रोजनने ॲव्हरेज वाढतं का?", "नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळली तर टायर फुटतो का?" असे बरेच प्रश्न आले. एकेकाचं उत्तर देण्याऐवजी आपण सगळे दावे एका ओळीत उभे करू आणि एकेक तपासू. शेवटी बहुतेक एकच दावा उभा राहील, तोही जरा बारीक होऊन.

सुरुवात हवेपासून. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ऑक्सिजन २१ टक्के, आणि उरलेल्या एक टक्क्यात आर्गॉन वगैरे. म्हणजे पंक्चरवाल्याकडे फुकट किंवा पाच-दहा रुपयांत हवा भरता, तेव्हाही टायरमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजनच जातो. नायट्रोजनचं मशीनसुद्धा बाहेरून वेगळा गॅस आणत नाही. ते हीच हवा ओढतं, त्यातला बराचसा ऑक्सिजन आणि ओलावा काढून टाकतं आणि उरलेलं टायरमध्ये सोडतं. तेव्हा खरा प्रश्न असा आहे: ७८ ऐवजी ९५ टक्के नायट्रोजन असल्याने काय फरक पडतो?

पहिला दावा: नायट्रोजन तापत नाही, प्रेशर वाढत नाही, म्हणून टायर फुटत नाही. हा सगळ्यात जास्त विकला जाणारा दावा. आणि हाच सगळ्यात कच्चा.

बंद जागेतला कुठलाही गॅस तापला की त्याचं प्रेशर वाढतं. नायट्रोजनचं वाढतं, ऑक्सिजनचं वाढतं, आणि या तापमानांना दोघांचं जवळजवळ सारखंच वाढतं. हिशोबच करून बघू. सकाळी २५ अंशांना तुम्ही गाडीत ३३ पीएसआय भरले. गेज बाहेरच्या हवेच्या वरचं प्रेशर दाखवतं, म्हणून आतलं खरं प्रेशर त्यात १४.७ मिळवून ४७.७ होतं. दुपारी एक्सप्रेसवेवर दोन तास पळून टायरमधला गॅस ६० अंशांवर गेला. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे, म्हणजे २९८ चे ३३३ झाले. त्याच प्रमाणात ४७.७ चे साधारण ५३.३ होतात. पुन्हा १४.७ वजा केले की गेजवर दिसतील साडेअडतीस. साडेपाच पीएसआयची वाढ. या हिशोबात गॅसचं नाव कुठेही आलं नाही, कारण त्याने फरक पडत नाही. आणि ही वाढ टायर कंपनीने धरलेलीच असते. म्हणून तर गाडीवरच्या स्टिकरचा आकडा थंड टायरसाठी असतो. गरम टायर बघून "प्रेशर जास्त झालं" म्हणत हवा सोडू नका. संध्याकाळी टायर थंड झाला की तो कमी प्रेशरवर राहील.

मग हायवेवर टायर फुटतात कशाने? बहुतेक वेळा हवा जास्त झाल्याने नाही, कमी असल्याने. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी शंभरला हे मिनिटाला आठशेच्या आसपास वेळा घडतं. तार वाकवत राहिली की गरम होते ना, तसंच. त्या उष्णतेने रबर आणि आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. त्यात गाडी भरलेली, टायर जुना, रस्ता सिमेंटचा आणि सरळ, म्हणजे वेग कमीच होत नाही. समृद्धी महामार्गावर आरटीओची पथकं गाड्यांचे टायर तपासतात तेव्हा बघतात ते झिजलेले टायर. आत कुठला गॅस आहे, हे कोणी विचारत नाही.

दुसरा दावा: विमानात आणि रेसच्या गाड्यांत नायट्रोजन असतो, म्हणजे तो भारीच. विमानाचं खरं आहे, पण कारण ऐका. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचं एक बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून निघालं. एका चाकाचा ब्रेक लागून राहिला होता, तो प्रचंड तापला. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरली होती. इतक्या उष्णतेत टायरच्या आतल्या रबरातून ज्वलनशील वाफ निघते, तिला ऑक्सिजन मिळाला आणि टायरचा स्फोट झाला. विमान कोसळलं, सगळे १६७ जण गेले. त्यानंतर अमेरिकेच्या विमान नियामकाने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन पाच टक्क्यांहून जास्त नको, असा नियम केला. तिथे नायट्रोजन जीव वाचवतो, कारण उतरताना त्या ब्रेकमध्ये अख्ख्या विमानाचा वेग उष्णता बनून उतरतो. रोजच्या वापरात तुमच्या गाडीच्या टायरमधली हवा त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

रेसच्या गाड्यांचा मुद्दा ओलाव्याचा आहे, आणि तो आपल्यालाही थोडा लागू होतो. हवा दाबली की तिच्यातलं पाणी कॉम्प्रेसरच्या टाकीत तळाशी साठतं. ते रोज खालचा कॉक उघडून सोडायचं असतं. नाही सोडलं, तर पावसाळ्यात पाइपमधून हवेबरोबर पाण्याचे थेंब टायरमध्ये जातात. टायर तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि साठ अंशांपर्यंत दोनेक पीएसआयची जास्तीची वाढ होते. रेसमध्ये अर्ध्या पीएसआयने गाडीची पकड बदलते, म्हणून तिथे कोरडा गॅस हवा. आपल्याला याचा त्रास म्हणजे स्टीलच्या रिमला आतून गंज. उपाय सोपा आहे: हवा भरण्याआधी नोझल दाबून झोत तळहातावर घ्या. हात ओला झाला, तर पुढच्या दुकानात जा. कोरडी साधी हवा आणि कोरडा नायट्रोजन, या बाबतीत दोन्ही सारखेच.

आता जो दावा खरा आहे, त्याकडे येऊ: नायट्रोजन हळू गळतो. होय, गळतो. टायरचं रबर पूर्ण बंद नसतं. गॅसचे रेणू त्यात विरघळतात आणि हळूहळू आरपार जातात. ऑक्सिजन हे नायट्रोजनपेक्षा तिप्पट-चौपट वेगाने करतो. थोडं रेणूच्या आकारामुळे, आणि थोडं तो रबरात जास्त विरघळतो म्हणून.

पण किती फरक? अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने ३१ मॉडेल्सच्या टायरांच्या जोड्या घेतल्या. एकात हवा, एकात नायट्रोजन, दोन्हींत ३० पीएसआय, आणि वर्षभर उघड्यावर नुसते ठेवून दिले. वर्षाअखेर हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआय उतरले होते, नायट्रोजनचे २.२. म्हणजे फरक झाला १.३ पीएसआय, तोही पूर्ण वर्षात. महिन्याचा काढला तर ०.१ च्या आसपास. साध्या गेजवर एवढा फरक दिसणारही नाही.

मायलेजचं उत्तरही यातच आहे. प्रेशर बरोबर असेल तर गाडी हलकी पळते. ते प्रेशर नायट्रोजनचं आहे की हवेचं, हे इंजिनला कळत नाही. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढल्यासारखं वाटतं, कारण भरायला गेलात तेव्हा आधीचे २६ पीएसआय ३३ झालेले असतात. फायदा त्या सात पीएसआयचा.

शिवाय हा छोटा फायदासुद्धा मिळायला टायरमध्ये खरोखर ९५ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असायला हवा. इथेच पंपावरची गंमत आहे. समजा, तुमच्या टायरमध्ये साध्या हवेचे २७ पीएसआय आहेत आणि पंपावरच्या मुलाने वर नायट्रोजन मारून ३३ केले. आतला खरा आकडा ४१.७ वरून ४७.७ झाला. म्हणजे जवळजवळ सात अष्टमांश जुनी हवाच आत आहे. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून उतरून १८ च्या वर थांबला. टोपण हिरवं झालं, बाकी काही नाही.

त्याने टायर पूर्ण मोकळा करून भरला तर? गेज शून्य दाखवत असलं, तरी टायर गाडी जॅकवर असताना बाहेरच्या दाबाची हवा धरून असतोच. ४७.७ पैकी १४.७ ती जुनी हवा. शुद्ध नायट्रोजन भरला तरी ऑक्सिजन साडेसहा टक्के उरतो. म्हणून चांगलं दुकान टायर दोनदा रिकामा करून भरतं. दुसऱ्या वेळी तो दोन टक्क्यांवर येतो. पैसे द्यायचेच असतील तर एवढं विचारा: "दादा, गाडी जॅकवर घेऊन दोनदा खाली करणार का?"

आणि हो, नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळली तर काहीही होत नाही. तीन पीएसआय हवा घातली, तर ऑक्सिजन सव्वा टक्क्याने वाढेल, एवढंच. रस्त्यात प्रेशर कमी दिसलं आणि "नायट्रोजनवाला पंप येईपर्यंत थांबू" म्हणून तसंच पळवलं, तर मात्र खरा धोका आहे. जी मिळेल ती हवा भरा.

रबर आतून कमी कडक होतं, हा दावा? त्यात तथ्य आहे. ऑक्सिजन रबर जुनं करतो, आणि भट्टीत टायर तापवून केलेल्या चाचण्यांत नायट्रोजनचे टायर कमी जुने झालेले दिसलेत. पण बाहेरून ऊन आणि हवा लागतेच, आणि रोज पळणाऱ्या गाडीचा टायर बहुधा त्याआधी झिजून जातो. वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीला याचा थोडा उपयोग.

एक शेवटची गोष्ट. एखादा टायर आठवड्यात चार-पाच पीएसआय उतरत असेल, तर तो रबरातून गळत नाहीये. खिळा, व्हॉल्व्ह किंवा रिमची कड, तिघांपैकी एक आहे. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे भोक. त्या भोकातून नायट्रोजनही तितक्याच वेगाने पळतो, त्याला हिरवं टोपण अडवत नाही.

तर हिशोब असा. एका टायरला वीस रुपये धरले, तर चार टायरचे ऐंशी. त्यातून मिळतो महिन्याला ०.१ पीएसआय. तेच पैसे पाच-सहा वेळा वाचवलेत तर स्वतःचं गेज येतं. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी काढायच्या आधी, स्टेपनीसकट पाचही टायर बघा आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा ठेवा. कुठे फुकट नायट्रोजन मिळाला तर खुशाल घ्या.

तुमच्या टायरमध्ये आत्ता किती आहे, ते गेज लावून बघा आणि व्हॉइस नोटमध्ये आकडा सांगा. स्टिकरवरचा आकडाही सांगा, म्हणजे फरक कळेल. भेटू पुढच्या भागात!