हलफनामा, प्रतिज्ञापत्र आणि तोशीस



मोरव्यातल्या एका ताई माझ्याकडे दोन कागद घेऊन आल्या. वडील वारले, आता फ्लॅट भावाच्या नावावर करायचा होता. सोसायटीने दिलेल्या इंग्रजी नमुन्यांपैकी एक अ‍ॅफिडेव्हिट होते, दुसरा इंडेम्निटी बॉण्ड. टाइपिंगवाल्याने दोन्हींवर मराठीत ‘हमीपत्र’ असे लिहिले होते.

अ‍ॅफिडेव्हिटला आपल्या घरात हलफनामा म्हणतात. हलफ म्हणजे शपथ. मराठी कागदावर मात्र ‘शपथपत्र’ही चालते आणि ‘प्रतिज्ञापत्र’ही. कायद्यात हे दोन वेगळे मार्ग आहेत. 1840च्या कायद्याने हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांची गंगाजलावरची, कुराणावरची शपथ बंद करून प्रतिज्ञा आणली. 1873च्या कायद्यानेही तेच ठेवले. 1969पासून कोणालाही ईश्वराची शपथ घेता येते किंवा नुसती प्रतिज्ञा करता येते. म्हणून मजकुरात ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो’ असेल, तर मी वर प्रतिज्ञापत्रच लिहितो. खोटे लिहिल्यास शिक्षा दोन्हीत सारखीच.

खरी अडचण इंडेम्निटीची. ‘हमी’ हा शब्द आपण गॅरंटीसाठीही वापरतो, आणि 1872च्या करार कायद्यात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गॅरंटीत तिघे असतात: कर्ज घेणारा, देणारा आणि जामीन. घेणाऱ्याने बुडवले तर जामीनदार भरतो. इंडेम्निटीत दोघेच. एक जण दुसऱ्याला सांगतो, माझ्यामुळे किंवा इतर कोणामुळे तुझे नुकसान झाले तर ते मी भरून देईन.

ताईंच्या कागदाचे उदाहरण घ्या. फ्लॅट भावाच्या नावावर झाला आणि उद्या दुसऱ्या बहिणीने वारसा मागत सोसायटीवर दावा लावला, तर वकिलाचा खर्च आणि कोर्टाने ठरवलेली रक्कम सोसायटी सही करणाऱ्याकडून वसूल करणार. ताईंनाही त्यावर सही करायची होती. त्यांना वाटत होते की आपण फक्त ‘माझी हरकत नाही’ एवढेच लिहून देतोय.

शब्दकोशात ‘क्षतिपूर्ती’ सापडते. ते चूक नाही, पण ऐकून कोणाला काही कळत नाही. मला वाट सापडली जुन्या खरेदीखतांत. तिथे विकणारा लिहून देतो की कोणाचा हक्क निघाल्यास तुम्हांस तोशीस लागू देणार नाही, ती आम्ही स्वखर्चाने निवारू. वेगळे नाव न देता एका वाक्यात इंडेम्निटी सांगितली आहे!

म्हणून मी मथळ्यात ‘क्षतिपूर्ती बंधपत्र’ ठेवतो, म्हणजे दप्तरात कागद ओळखता येतो, आणि आत हे तोशिशीचे वाक्य घालतो. कोणाकडून, कशाबद्दल, किती मर्यादेपर्यंत, हेही त्यातच येते. इंग्रजी नमुन्यात मर्यादा नसेल तर मी ती माझ्या पदरची घालत नाही. फक्त सही करणाऱ्याला तसे सांगतो.

ताईंनी तो कागद दोनदा वाचून घेतला. प्रतिज्ञापत्रावर सही केली. दुसरा कागद पर्समध्ये ठेवून त्या भावाशी बोलायला गेल्या.