स्तंभाच्या पायथ्याची वीतभर जागा



काही वर्षांपूर्वी एका निवासी इमारतीच्या कामावर देखरेख करीत असता एका सकाळी एका स्तंभाचे सेंट्रिंग माझ्यासमोर सोडण्यात आले. स्तंभ तीनशे मिलिमीटर रुंद, सहाशे मिलिमीटर लांब आणि तुळईच्या तळापर्यंत ४.२ मीटर उंच होता. कमरेपासून वर त्याचे अंग असे गुळगुळीत की फळीच्या लाकडाच्या रेषाही उमटलेल्या; परंतु अगदी तळाशी, वीतभर उंचीत, सिमेंटचा अंशही नसलेली नुसती खडी मधाच्या पोळ्यासारखी उघडी पडली होती आणि तिच्यात बोट घातले असता थेट सळईला लागत होते. मुकादमाने तत्काळ मालाला दोष दिला. पण माल तोच, मिक्सर तोच, माणसेही तीच. मग वरचे चार मीटर निर्दोष आणि खालची वीतच तेवढी सदोष, याची उपपत्ती मालात कशी सापडावी? ती मालाच्या प्रवासात शोधावी लागते, आणि आजचे माझे विवेचन त्या प्रवासापुरतेच मर्यादित आहे.

त्या दिवशी घमेली साच्याच्या माथ्यावरून, म्हणजे चार मीटरांवरून, उपडी होत होती. भारतीय मानक ४५६ (२००० ची आवृत्ती) मुक्त पतनाची कमाल मर्यादा १.५ मीटर धरावी असे सांगते, आणि बहुतेक मक्तेदारांना हा आकडा तोंडपाठ असतो. त्यामागचे कारण मात्र क्वचितच ठाऊक असते. माल नुसता उंचावरून पडला म्हणून फुटतो असे नव्हे; मोकळ्या विहिरीत कशालाही न आपटता सरळ पडणाऱ्या मालाची हानी बेताचीच होते. परंतु स्तंभाचा साचा ही मोकळी विहीर नव्हे. त्यात उभ्या सळया असतात, दर पाच-सहा इंचांवर रिंगा असतात, आणि पायथ्याशी तर खालच्या व वरच्या सळयांची जोडणी पुष्कळदा येत असल्याने लोखंडाची दाटी दुप्पट होते. या जाळीवर आपटत खाली येताना खडी टणकन उसळून पुढे जाते, आणि तिच्याभोवतीचा सिमेंट-वाळूचा लगदा सळयांना, रिंगांना व फळ्यांना चिकटून मागे राहतो. म्हणून तळाशी प्रथम पोचते ती नागवी खडी. पुढच्या घमेल्यांचा लगदा वरून येतो खरा, पण खालच्या खडीतल्या सगळ्या पोकळ्या भरून काढण्याइतका तो खोल उतरत नाही. दोष नेमका पायथ्याशी का दिसतो याचे हे अर्धे उत्तर.

उरलेले अर्धे उत्तर स्टार्टरमध्ये आहे. यालाच किकर म्हणतात. स्लॅबवर स्तंभाच्या नेमक्या मापाचा, साधारण शंभर मिलिमीटर उंचीचा जो काँक्रीटचा बुटका ठोकळा आधी भरून ठेवतात, त्याची कामे दोन. साच्याच्या फळ्या त्याला घट्ट आवळता याव्यात, म्हणजे स्तंभ आपल्या रेषेवरून सरकू नये, हे पहिले. आणि साच्याच्या तळाशी फट राहून तिच्यातून सिमेंटचे पाणी झिरपून जाऊ नये, हे दुसरे. आमच्या त्या स्तंभाचा स्टार्टर गवंड्याने दिवसअखेरीच्या उरल्यासुरल्या मसाल्यातून थापला होता. तो एका बाजूस आखूड भरला, फळी आणि तो यांच्यात बोट जाईल एवढी फट राहिली, आणि व्हायब्रेटर चालताच जो थोडाफार लगदा तळाला पोचला होता तोही त्या फटीतून स्लॅबवर वाहून गेला. स्लॅबवरचा तो वाळलेला राखाडी ओघळ आदल्या संध्याकाळीच दिसत होता, आणि त्याची दखल घेण्यात कसूर झाली, ती माझ्याकडूनही.

त्याच मजल्यावर त्याच मापाचे आणखी स्तंभ भरावयाचे होते. त्यांपैकी एकाचा तपशील सांगतो, म्हणजे रीत आपोआप स्पष्ट होईल.

स्टार्टर स्तंभाच्याच प्रतीच्या काँक्रीटचा, छोटा साचा लावून व कुटून भरला. दुसऱ्या दिवशी, तो कोवळा असतानाच, त्याच्या माथ्यावर जमलेली साय तारेच्या ब्रशने खरवडून खडीची टोके उघडी पाडली, कारण त्या दुबळ्या थरावर नवा माल नीट धरत नाही. साचा लावण्यापूर्वी लाकडाचा भुसा व बांधणीच्या तारेचे तुकडे काढून तळ धुतला. ओलावा राहू दिला, साचलेले पाणी मात्र टिपून घेतले. साच्याच्या तीन बाजू पूर्ण उंचीच्या उभ्या केल्या आणि चौथी बाजू प्रत्येकी १.२ मीटरच्या फळ्यांनी टप्प्याटप्प्याने चढवण्याची तजवीज केली, म्हणजे माल टाकणारा नेहमी उघड्या तोंडाशी उभा राहणार आणि पतन कधीही १.२ मीटरांपलीकडे जाणार नाही.

भरण्याच्या क्षणी प्रथम, काँक्रीटमध्ये असते त्याच प्रमाणात सिमेंट व वाळू कालवून केलेल्या मसाल्याचा बारा मिलिमीटरांचा थर स्टार्टरवर पसरला. हिशेबाने हा मसाला दोन लिटरांहून थोडाच अधिक होतो. परंतु पहिली खडी कोरड्या दगडावर न आदळता याच थरात रुतून बसते, आणि वाटेत सळयांना चिकटून गेलेल्या लगद्याची भरपाई होते.

पुढचे गणित सोपे आहे. या मापात तीनशे मिलिमीटर जाडीचा एक थर म्हणजे चोपन्न लिटर माल, आणि एका सिमेंटच्या पोत्याचा माल जवळपास दीडशे लिटर भरतो. म्हणजे एका पोत्यात तीन थरांना थोडेसे कमी. संपूर्ण स्तंभाला जेमतेम पाच पोती लागतात. म्हणूनच घाई करणाऱ्याला तो दहा मिनिटांत भरून टाकण्याचा मोह होतो. आम्ही प्रत्येक थर पसरला की चाळीस मिलिमीटरची नीडल उभी व झटकन आत सोडली, ती खालच्या थरात सुमारे शंभर मिलिमीटर उतरू दिली, जेणेकरून दोन थरांचा सांधा मोडून ते एकजीव व्हावेत, आणि बुडबुडे थांबून पृष्ठभागावर ओलसर चकाकी येताच सावकाश वर काढली. एका थराला अशी दोन-तीन ठिकाणे पुरली. नीडल सळईला टेकवून धरण्याची जी वाईट खोड असते, तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली.

चार थरांनंतर वरची फळी चढवली, तिचा शिकंजा आवळला, ओळंबा पुन्हा तपासला, आणि पुढे गेलो. या मध्यंतरात खालचा थर आवळून गेला आहे की नाही हे घड्याळापेक्षा नीडल अधिक प्रामाणिकपणे सांगते: चालू नीडल आपल्याच भाराने खालच्या थरात शिरली तर काम पुढे न्यावे, शिरली नाही तर तिथे सांधा पडला असे समजून थांबावे आणि दुसऱ्या दिवशी साय खरवडून, धुऊन, मसाल्याचा थर देऊनच पुढचा टप्पा घ्यावा.

एक गोष्ट वरच्या टोकाबद्दल. कुटता कुटता पाणी वर चढत जाते आणि शेवटच्या हातभर उंचीत माल पातळ होतो. म्हणून शेवटच्या दोन थरांसाठी मिक्सरमधील पाणी किंचित कमी केले, आणि तरीही माथ्यावर आलेला पाणचट भाग खरवडून काढला. तुळईच्या तळाशी, जिथे भूकंपात स्तंभावर मोठा ताण येतो, तिथे दुबळे काँक्रीट ठेवणे मला पायथ्याच्या पोळ्याइतकेच भयंकर वाटते.

पहिल्या स्तंभाचे पुढे काय झाले, हे विचारणे रास्त आहे. वरच्या तुळयांचा भार अजून आला नसल्याने तोडून पाहणे शक्य होते, म्हणून सुटलेला भाग केवळ बाहेरून मसाल्याने लिंपून झाकण्याचा प्रस्ताव मी फेटाळला. हातोडीने ठोकत वर गेलो. जिथवर बद्द आवाज येत होता तिथवर, आणि त्याही पलीकडे घट्ट काँक्रीट लागेपर्यंत, तो तोडला. हा तुटलेला भाग दोन फुटांहून अधिक निघाला, कारण बाहेरून वीतभर दिसणारे पोळे आत तिप्पट उंच गेले होते. तेव्हा सबंध स्तंभच उतरवून नव्याने भरला. दुसऱ्या स्तंभाची फळी सोडली तेव्हा स्टार्टर व स्तंभ यांच्यामध्ये केसाएवढी एक आडवी रेषा तेवढी दिसत होती, आणि तिच्या वर-खाली हातोडीचा आवाज एकच होता.