चोपडी किती जाड हवी?
(प्रभागसंघाच्या बैठकीतलं बोलणं)



मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पाच जणींनी दहा किलो पापड करायचे, तर त्याला एवढी रजिस्टरं कशाला?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर मुंबईत गिरगावात सापडतं.

15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हाच पुढचा लिज्जत पापड. पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी पहिल्यापासून सांगितलं होतं, धंदा धंद्यासारखा करा, हिशेब चोख ठेवा. पण सात जणी एकाच गच्चीवर असताना कोणी किती लाटलं हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं. तिथे पैशाचा हिशेब पुरतो.

पुढे तीनेक वर्षांत बायका शेकड्यांत गेल्या. गच्ची पुरेना. मग मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून पापड परत आणायचे, अशी पद्धत आली. आता काम नजरेआड गेलं. नजरेआड गेलं की देताना वजन आणि घेताना वजन लिहावंच लागतं. 1966 मध्ये संस्थेची नोंदणी झाली, तेव्हा कायद्याने लागणारी कागदपत्रंही आली. म्हणजे कागद कामाबरोबर वाढले, आधी नाही.

आपल्याकडेही तसंच ठरवा. काम हाती घेताना तीन प्रश्न विचारा. काम सगळ्यांच्या नजरेसमोर होणार का? पैसा फक्त आपलाच आहे का? चूक झाली तर ती त्याच दिवशी कळेल का? तिन्हीला "हो" असेल तर एक पान पुरे.

त्या पानावर काय? ऑर्डर कोणाची, किती किलो, कोणत्या तारखेला द्यायची. सामानाला किती गेले. कोणी किती लाटलं. पैसे किती आले आणि कसे वाटले. दुकानाच्या पावत्या त्याच पानाला टाचा. याहून कमी मात्र नको. "आपण घरच्याच आहोत" म्हणून हे पान सोडलं, की वाटपाच्या दिवशी भांडण होतं.

आता समजा, दिवाळीआधी दादरच्या दुकानदाराने 200 किलोंची ऑर्डर दिली. तीन गावांतल्या 24 जणी काम करणार आणि पैसा ग्रामसंघाच्या कर्जातून येणार. तिन्ही उत्तरं "नाही". इथे आणखी तीन गोष्टी लागतात.

पहिली, लिहिलेलं माप. डाळीचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार, मीठ किती, हे एका कागदावर लिहून तिन्ही गावांत लावा. नाहीतर एकाच पाकिटात तीन चवी निघतील.

दुसरी, देणं-घेणं वही. तारीख, गाव, पीठ किती दिलं, वाळलेले पापड किती आले, घेणारीची आणि देणारीची सही. आधी स्वतः एक घाणा करून घट बघा. समजा, 10 किलो मळलेल्या पिठाचे 8 किलो पापड भरले. मग एका गावातून रोज साडेसातच येतायत. चार दिवसांत दोन किलोंची तूट. वही नसेल तर थेट संशय येतो. वही असेल तर तूट एकाच गावाची आहे हे दिसतं. मग आधी दोन्हीकडचे वजनकाटे एकाच वजनावर तपासा, नंतर पापड जास्त वाळतायत का ते बघा, मग तुकडे किती पडतात ते मोजा. माणसावर बोट शेवटी. आणि साडेआठ किलो आले तर खूश होऊ नका. पापड ओलसर असतील, पाकिटात बुरशी धरेल.

तिसरी, निर्णयाची नोंद. भाव कोणी ठरवला, उशीर झाला तर दुकानदाराशी कोण बोलणार, पैसे काढायला सही कोणाची, हे काम सुरू होण्याआधी बैठकीच्या इतिवृत्तात लिहा.

कागद जास्त झाले हे कसं ओळखायचं? वही उघडा. महिन्याभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या, तर ती वही तपासणीसाठी भरलीय, कामासाठी नाही. तिच्यातून चूक सापडणार नाही. दोन ऑर्डरी झाल्या आणि एखादा रकाना कोणी वाचलाच नाही, तर तो काढून टाका.

फक्त एक ध्यानात ठेवा. गटाचं इतिवृत्त, रोकड वही, कर्ज खातं आणि विक्रीच्या खाद्यपदार्थाची अन्न नोंदणी, यांना लहान-मोठं नाही. ती काम कितीही छोटं असलं तरी लागतातच. बाकीची चोपडी मात्र कामाच्या मापाने शिवायची.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या चालू कामाच्या वह्या घेऊन या. ते तीन प्रश्न लावून कोणती ठेवायची, कोणती बंद करायची, हे तिथेच ठरवू.