दार उघडण्याची घाई



आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोला, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. सॉफ्टवेअर लिहिणारी बाई दिवसभर पडद्याकडे बघत बसते, त्यात सांगण्यासारखं काय असणार? पण गेली काही वर्षं मी लिहिलेला प्रोग्राम उरणच्या बाजूच्या कंटेनर यार्डांत चालतो. कुठला डबा कुठल्या रांगेत आहे आणि त्यात काय माल आहे, हे तो दाखवतो. त्यातल्या एका डब्याने माझी झोप उडवली होती. तेच सांगते.

त्याआधी एक आठवण. चौदा एप्रिलच्या सुमारास अग्निशमन दलाचे जवान शाळेत यायचे आणि आपण खिशाला कागदी झेंडा लावायचो, आठवतंय? परीक्षेच्या गडबडीत तो झेंडा कशाचा, हे मला तरी कळलं नव्हतं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली, त्याची ती आठवण. माझे आजोबा तेव्हा घाटकोपरला राहायचे. तो आवाज तिथपर्यंत आला होता, असं ते सांगायचे.

जहाज इंग्लंडहून स्फोटकं, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा घेऊन निघालं होतं. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या गाठी भरल्या गेल्या. दोन नंबरच्या होल्डमध्ये कापूसही होता आणि स्फोटकंही. दुपारी दोनच्या आधीच धूर दिसला. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीत आग धगधगत राहते, ज्वाला दिसत नाही. धुरामुळे आगीचं मूळ सापडेना. शेकडो टन पाणी ओतलं. जहाजाच्या बाजूला एके ठिकाणी रंगाला फोड आले होते, म्हणजे आतल्या बाजूला तिथेच भट्टी पेटलेली होती. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल निशाण लावायचं असतं, ते लावलेलं नव्हतं. त्यामुळे आजूबाजूच्या जहाजांना आणि गोदीतल्या माणसांना धोका किती मोठा आहे, हे कळलंच नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. गोदीतले आणि आसपासचे मिळून शेकडो माणसं गेली.

आज माल पेट्यांत बंद असतो, एवढाच फरक. त्या पेटीवर लाल निशाण लागायचं की नाही, हे कागदावरच्या एका ओळीवर ठरतं. माल धोकादायक म्हणून जाहीर केला की भाडं वाढतं, वेगळी जागा लागते, काही जहाजं तो घेतच नाहीत. म्हणून काही लोक ती ओळ बदलतात. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाच्या बंदराकडे निघालेला एक कंटेनर हमरस्त्यावरच पेटला. कागदावर ‘संगणकाचे भाग’ असं लिहिलेलं होतं. आत टाकून दिलेल्या लिथियम बॅटऱ्या होत्या. रस्त्यात पेटला हे नशीबच म्हणायचं, तो जहाजावर चढणार होता.

आता माझा डबा. एका यार्डात चाळीस फुटी कंटेनरच्या दाराच्या रबराजवळून हलका धूर येतोय, असा फोन आला. पडद्यावर मालाचं वर्णन साधं घरगुती सामान वाटावं असं होतं. मुलं सील तोडून दार उघडायला निघाली. आत काय जळतंय ते बघू आणि पाणी मारू, असा साधा हिशोब. तिथल्या एका वयस्कर मुकादमकाकांनी त्यांना थांबवलं. त्यांनी पेटीच्या पत्र्यावर थोडं पाणी शिंपडलं. शेजारच्या पेटीवर पाणी ओलं राहिलं आणि या पेटीच्या मधल्या भागावरचं लगेच वाळलं. काका म्हणाले, “पोरांनो, आत आग उपाशी बसली आहे. दार उघडाल तर तिला ताट वाढाल.”

मला यापेक्षा चांगलं समजावता येणार नाही, पण थोडं इंजिनिअरिंग जोडते. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. पेटी जवळजवळ हवाबंद असते, वरच्या कोपऱ्यातली भोकं अगदी छोटी. आग पेटली की आतला प्राणवायू घटतो. तो साधारण १५ टक्क्यांच्या खाली गेला की ज्वाला विझते, पण माल धगधगतच राहतो. त्यातून जळू शकणारे वायू सुटतात आणि पेटीत साठतात. आता तिथे तापमानही आहे आणि इंधनही. कमी आहे ती फक्त हवा. दार उघडलं की हवा आत शिरते, काही क्षण काहीच होत नाही, आणि मग सगळं एकदम पेटून दारातून बाहेर येतं. दारासमोर कोण उभं असतं? ज्याने दार उघडलं तोच.

यातली फसवी गोष्ट म्हणजे धूर कमी होणं. १९ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेत ॲरिझोनामधल्या सरप्राइज या गावी बॅटऱ्यांनी भरलेल्या एका बंद खोलीत असंच घडलं. आग विझवणारा वायू आत आपोआप सुटला होता. अग्निशमन जवानांनी घाई केली नव्हती. ते दोन तासांहून जास्त थांबले. बाहेर झिरपणारा पांढरा धूर ओसरला, तेव्हा त्यांनी दार उघडलं. काही मिनिटांत स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. आत बॅटऱ्यांनी स्वतःच ज्वलनशील वायू तयार केले होते, ते तयार व्हायला बाहेरच्या हवेची गरजच नव्हती. म्हणजे नुसतं घड्याळ बघून थांबणंही पुरेसं नाही.

मग करायचं काय? माणसं मागे घ्यायची, वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि दाराच्या रेषेबाहेर. शेजारच्या पेट्या हलवता येतील तर हलवायच्या. पत्रा बाहेरून पाण्याने थंड करायचा. आत पाणी घालायचं तर पत्र्याला भोक पाडून, त्यातून नळी सारून, दार बंद ठेवून. पण तेही माल कळल्यावरच. कारण आत कॅल्शियम कार्बाइड निघालं तर पाण्याने ॲसिटिलीन तयार होईल आणि संकट वाढेल. दार उघडायचं ते पत्र्याचं तापमान शेजारच्या पेट्यांएवढं उतरून तिथेच टिकलं, आणि आतल्या वायूची तपासणी झाली, की मग. यात एक दिवस जाईल, दोनही जातील. मालाचा मालक फोनवर ओरडत असतो. ओरडू द्यायचं.

आमच्या पेटीत कोळशाच्या गोण्या निघाल्या, घरगुती सामानाच्या मागे रचलेल्या. कोळसा नीट थंड न होता भरला, तर आपोआप तापत जातो. कोणाला इजा झाली नाही. पण मला झोप न येण्याचं कारण वेगळं होतं. कागदाची मूळ प्रत काढली, तर वर्णनाच्या अगदी शेवटी ‘व कोळसा’ लिहिलेलं होतं! त्या माणसाने लपवलं नव्हतं. मीच मोबाइलच्या पडद्यावर ओळ नीट बसावी म्हणून वर्णन पहिल्या चाळीस अक्षरांवर कापलं होतं. कोणी तक्रार केली नव्हती, पडदा छान दिसायचा.

आपल्या मराठीच्या बाई निबंधात समासाबाहेर गेलेली अक्षरं लाल पेनने खोडायच्या. ती सवय मी इतकी वर्षं जपली, असं म्हणायचं! आता वर्णन कितीही लांब असलं तरी पूर्ण दिसतं, पडदा ओबडधोबड दिसतो. पेटीत एकाहून जास्त प्रकारचा माल असेल तर प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीवर येते. मुकादमकाकांना नवा पडदा दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ वाचला आणि अक्षर जरा मोठं करा म्हणाले. ते केलं.