‘आली?’ – ‘हो, आली.’ : इटालियनमधला न लिहिलेला कर्ता आणि आपले भाषांतर

(अकादमीच्या भाषांतर कार्यशाळेत केलेले भाषण)



आज मी तीन ओळींवर बोलणार आहे. त्या मी वर्गात शिकवण्यासाठी स्वतःच रचल्या आहेत, त्यामुळे त्या कोणत्या कथेत आहेत हे शोधू नका.

प्रसंग असा. इटलीतल्या एका लहान गावात आई अंथरुणाला खिळली आहे. मुलगी तोरिनोला असते. आपण कधी येणार ते आधी पत्राने कळवते, असे तिने सांगितले आहे. म्हणजे घरात दोन गोष्टींची वाट पाहणे चालू आहे : मुलीची आणि पत्राची. सकाळी पत्र येते. मुलगी येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. मुलगा ते वाचतो आणि खिशात ठेवतो. संध्याकाळी ग्लानीत असलेली आई विचारते : ‘ए आर्रिवाता?’ पुढची ओळ : ‘सी, दिस्से इल फील्यो, ए आर्रिवाता.’ मुलगा म्हणाला, हो, आली. आणि तिसरी ओळ फक्त तीन शब्दांची : ‘क्यूसे ल्यी ओक्की.’ डोळे मिटले. कोणी मिटले, ते लिहिलेले नाही.

वर्गात मी आधी या प्रसंगाचे इंग्रजी भाषांतर वाटले. आपल्याकडे युरोपीय साहित्य बहुतेक वेळा इंग्रजीतूनच येते, तेव्हा सुरुवात तिथून करणे प्रामाणिकपणाचे. इंग्रजीत आईचा प्रश्न ‘शी’ घालून विचारलेला होता, उत्तरातही ‘शी’ होती, आणि शेवटी ‘शी’ने डोळे मिटले होते. विद्यार्थ्यांनी ते सरळ मराठीत आणले : ‘ती आली का?’ ‘हो, ती आली.’ ‘तिने डोळे मिटले.’ चूक काढण्यासारखे काही नाही. मग मी विचारले, हा मुलगा कसा आहे? जवळजवळ सगळ्यांचे उत्तर एकच होते : मरणाऱ्या आईशी दयेपोटी खोटे बोलणारा.

त्यानंतर मूळ इटालियन फळ्यावर लिहिले. आता त्यातल्या क्रियापदाकडे बघू. ‘ए’ हे सहायक क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी आहे. ‘आर्रिवाता’ हे धातुसाधित. येणे-जाणे अशा क्रियापदांबरोबर इटालियनमध्ये ‘असणे’ हे सहायक येते आणि मग धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. शेवटचा ‘आ’ सांगतो की कर्ता स्त्रीलिंगी आहे. ‘आर्रिवातो’ असते तर पुल्लिंगी. आता स्त्रीलिंगी काय काय आहे? मुलगी, म्हणजे ‘फील्या’, स्त्रीलिंगी. पत्र, म्हणजे ‘लेत्तेरा’, तेही स्त्रीलिंगी. आदरार्थी संबोधनाचे ‘लेई’ही तृतीय पुरुषी एकवचनीच चालते, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या एखाद्या बाईंना ‘आपण आलात का?’ असे विचारायलाही हेच दोन शब्द पुरतात. आपल्या प्रसंगात तो अर्थ नाही, पण संवाद भाषांतरित करताना ही तिसरी शक्यता तपासायची राहून जाते आणि ‘आपण’ची ‘ती’ होते.

तर मुलगा म्हणतो, ‘हो, आली.’ पत्राबद्दल हे अक्षरशः खरे आहे. आई ते मुलीबद्दल ऐकते. तो खोटे बोललेला नाही. त्याने व्याकरणाचा आडोसा घेतला आहे. इंग्रजीला कर्ता लिहिणे भाग होते, आणि ‘शी’ लिहिताक्षणी तो आडोसा गेला, मुलगा खोटारडा ठरला. इंग्रजी भाषांतरकाराला मी फार दोष देत नाही. बोलण्यातल्या इंग्रजीत ‘हिअर येट?’ असा कर्ता गाळलेला प्रश्न विचारता येतो, तो वापरून बघता आला असता, एवढेच.

मराठीला मात्र ही सक्ती नव्हती. ‘आली?’ ‘हो, आली.’ हे आपल्या घरात रोज बोलले जाणारे मराठी आहे. इंग्रजीवरून आल्यामुळे आपण ‘ती’ घातली. मुलांना हे लगेच पटले, त्यांनी दोन्ही ‘ती’ खोडल्या आणि काम झाले असे वाटून माझ्याकडे पाहिले. काम झाले नव्हते. कारण वर, सकाळच्या परिच्छेदात, त्यांनी लिहिले होते : ‘सकाळी पत्र आले.’ मराठीत पत्र नपुंसकलिंगी. ज्या वाचकाने सकाळी ‘पत्र आले’ वाचले, त्याला संध्याकाळची ‘आली’ फक्त मुलीचीच वाटणार. सर्वनाम खोडूनही आडोसा परत आला नाही, कारण मराठी क्रियापद लिंग सांगून मोकळे होते.

उपाय त्या ओळीत नाही, तो दहा ओळी वर आहे. ‘पत्र’ऐवजी ‘चिठ्ठी’ लिहा. ‘सकाळी चिठ्ठी आली.’ आता संध्याकाळची ‘आली’ दोघींची होऊ शकते, आईसाठी एकीची आणि वाचकासाठी दुसरीची. माझे म्हणणे एवढेच आहे की इटालियनमधून मराठीत येताना गाळलेला कर्ता शोधायचा म्हणजे क्रियापदाशेजारी सर्वनाम ठेवायचे असे नव्हे. तो कर्ता ज्या नामांपैकी एक असू शकतो, त्या नामांची मराठी लिंगे आधी तपासायची, आणि गरज असेल तर नाम बदलायचे. मुलीऐवजी मुलाची वाट पाहणे चालू असते, तर प्रश्नच नव्हता. इटालियनमध्येही ‘फील्यो’ आणि ‘लेत्तेरा’ यांची क्रियापदे वेगळी झाली असती आणि संदिग्धता मुळातच उरली नसती.

आता तिसरी ओळ. ‘क्यूसे ल्यी ओक्की.’ इथे गंमत उलटी आहे. ‘क्यूसे’ हे भूतकाळी रूप पुरुष आणि वचन सांगते, लिंग सांगत नाही. आई किंवा मुलगा, दोघेही चालतात. मराठीत याचे शब्दशः ‘डोळे मिटले’ होते, आणि आपल्या कर्मणी प्रयोगात क्रियापद डोळ्यांशी जुळते, मिटणाऱ्याशी नाही. म्हणजे मराठी इथे इटालियनपेक्षाही कमी सांगते. ‘पुस्तक वाचले’ या दोन शब्दांत मी, तो, ती, आम्ही, त्यांनी असे कोणीही असू शकते. इटालियनमध्ये ‘ओ लेत्तो’ म्हटले की ‘मी’ हे निश्चित झाले. येणे-जाणे-बसणे यांत आपण जास्त सांगतो, करणे-वाचणे-मिटणे यांच्या भूतकाळात कमी. ही सीमा भाषांतरकाराच्या डोक्यात पक्की असायला हवी, कारण तिच्या एका बाजूला सर्वनाम खोडायचे असते आणि दुसऱ्या बाजूला बहुधा घालायचे.

मग डोळे कोणी मिटले? वर्गात एकमुखाने उत्तर आले, आईने. आजारी माणूस, समाधान झाले, डोळे मिटले. इंग्रजीतही तसेच होते. पण इटालियन वाचक असा वाचेल का? मारिया नेल्ला कार्मिनाती यांनी २००२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात इटालियन सर्वनामांवर प्रबंध लिहिला. वाचकांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की गाळलेला कर्ता बहुधा आधीच्या वाक्यांशाच्या कर्त्याकडेच बोट दाखवतो, तर ‘लुई’ किंवा ‘लेई’ असे उघड सर्वनाम आले की वाचक दुसऱ्या कोणाकडे वळतो. हा कल आहे, कायदा नाही. संदर्भाचा जोर मोठा असला तर तो मोडतो. पण आपल्या ओळींना लावून बघा. लगतच्या आधीच्या वाक्यात कर्ता कोण? ‘इल फील्यो’, मुलगा. आई अभिप्रेत असती तर लेखकाने ‘लेई क्यूसे’ किंवा सरळ ‘आईने’ लिहिण्याची शक्यता जास्त. काहीच लिहिले नाही, याचा अर्थ कर्ता बदललेला नाही. डोळे मुलाने मिटले आहेत.

आणि मग प्रसंग वेगळा दिसतो. ‘हो, आली’ म्हणून त्याने स्वतःचेच डोळे मिटून घेतले. आईकडे बघवेना म्हणून.

मराठीत इथे मौन परवडणारे नाही. नुसते ‘डोळे मिटले’ लिहिले तर वाचक ते आईचे समजेल, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या संदर्भात ‘डोळे मिटले’चा आपल्याकडे एक ठरलेला अर्थ आहे. इंग्रजीवरून ‘तिने डोळे मिटले’ लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी नकळत बाईंना मारून टाकले होते. एकीच्या वहीत तर त्यापुढे ‘कायमचे’ हा शब्दही होता. तेव्हा इथे सर्वनाम हवे आणि क्रियापदही बदलायला हवे : ‘त्याने डोळे मिटून घेतले.’ इटालियनमध्ये जे कल म्हणून होते ते मराठीत विधान झाले, एवढे नुकसान मी मान्य करतो. वाचकाला शंका घ्यायला जागा होती, ती गेली.

प्रश्न हा की अशी जागा आपण चुकलो हे कळणार कसे? माझी एक साधी पद्धत आहे. मराठी मसुदा झाला की प्रत्येक तृतीय पुरुषी सर्वनामाखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि मूळ उघडून बघायचे, तिथे ‘लुई’, ‘लेई’ किंवा नाम आहे का. नसेल तर आपण ते का घातले याचे कारण एका शब्दात समासात लिहायचे : ‘कर्मणी’, ‘कर्ता बदल’, ‘लिंग’. कारण सुचत नसेल तर ते सर्वनाम इंग्रजीचे आहे, खोडायचे. उलट मुळात उघड सर्वनाम असेल आणि मराठीत नसेल, तर तिथे जोर किंवा बदल हरवला आहे का ते पाहायचे. मूळ भाषा येत नसेल तर हे करता येत नाही, हे खरे. तेव्हा निदान ती जाणणाऱ्याला संशयित जागांची यादी देऊन विचारावे.

एका विद्यार्थ्याने विचारले, सर, हीच गोष्ट त्या मुलाने ‘मी’ म्हणून सांगितली असती तर? इटालियन ‘मी’च्या वर्तमानकाळी क्रियापदात लिंग दिसत नाही, निवेदक मुलगा की मुलगी, हे लेखक पानेच्या पाने झाकून ठेवू शकतो. आपल्याला ‘वाचतो’ की ‘वाचते’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. कोल्हापूर-बेळगावकडच्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात, तो लहेजा त्या कथेला शोभला तर सुटका. रोजच्या सवयीचा भूतकाळ असेल तर आपले जुने ‘मी बसे’, ‘मी जाई’ आहे, त्यात लिंग नसते. मात्र दोनतीन पाने सलग तसे लिहिले की शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचा वास येऊ लागतो.

‘चिठ्ठी’वरही आक्षेप आलाच. एक विद्यार्थिनी म्हणाली, चिठ्ठी म्हणजे वाण्याला पाठवतात ती. तोरिनोहून टपालाने येते ते पत्रच. तिने ‘तार’ सुचवली. तारही स्त्रीलिंगी, ‘तार आली’ कानाला चांगले लागते. पण तार आली म्हणताच मराठी घरात कोणीतरी गेल्याची धास्ती शिरत असे, आणि मुलीने आपण पत्राने कळवू असे आधीच सांगितलेले आहे. दोन तास वाद झाला. मी अजून ‘चिठ्ठी’च ठेवली आहे, तिने तिच्या वहीत ‘तार’.